बाल्कनीत वॉशिंग मशीन: परवानगी आणि पाइप

प्रश्न: रत्नागिरीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. बाल्कनीत वॉशिंग मशीन बसवायचं आहे. मालकांना कसं विचारू आणि प्लंबिंगचं काय करू?

मालकांना फोन करण्याआधी बाल्कनीतल्या जाळीत एक बादली साबणाचं पाणी ओता आणि कोणाला तरी खाली उभं करा. फेस चेंबरमध्ये गेला तर तो सांडपाण्याचा पाइप. उघड्या गटारात किंवा परड्यात आला तर पावसाचा, आणि त्यात मशीनचं पाणी सोडू नका. आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्याकडे आहे, असा अर्ज आला की मी पहिलं हेच विचारतो. कपड्यांची लव आणि झाडाचा पाला त्या पाइपात एकत्र अडकतो, मग ऐन आषाढात बाल्कनी तुंबते आणि पाणी घरात शिरतं. शिवाय खालच्यांच्या विहिरीजवळ साबण साचतो, ते वेगळंच.

आमच्याकडच्या एका भाडेकरूंचा पाइप पावसाचाच निघाला. मोरी तीन मीटरवर होती. मशीनशेजारी दीड इंची पीव्हीसी पाइप सुमारे 75 सेंटीमीटर उंच उभा केला, तो खाली आणून भिंतीलगत मोरीच्या जाळीवर नेला. मीटरला अडीच सेंटीमीटर उतार, म्हणजे एकूण साडेसात. मशीनची नळी उभ्या पाइपात फक्त वीतभर सोडली आणि तोंड मोकळं ठेवलं. प्लंबर कधी कधी ते टेपने बंद करतात. मग हवा मिळत नाही, पाणी भरता भरताच ओढलं जातं. मशीन पाणी घेतच राहिलं आणि धुणं सुरूच होत नसेल, तर आधी हे तपासा.

हे पंप असलेल्या मशीनचं झालं. सेमी-ऑटोमॅटिकमधलं पाणी सहसा आपोआप खाली पडतं, वर चढत नाही. त्याची नळी जमिनीलगतच उताराने न्यावी लागते.

पाणी घ्यायला स्वयंपाकघराच्या लाइनवर टी टाकून स्वतंत्र अँगल कॉक बसवा. अर्थिंगचा 16 अँपिअरचा सॉकेट आतल्या भिंतीवर घ्या, पावसाची झड येते त्या बाजूला नको.

आता मालकांना असं लिहा: "काका, बाल्कनीत वॉशिंग मशीन ठेवायचं आहे. पाणी मोरीत सोडेन, पावसाच्या पाइपात नाही. पाइप क्लॅम्पवर जाईल, भिंतीला एकच भोक पडेल, बीम-कॉलमला हात लावणार नाही. खर्च माझा. घर सोडताना नळ ठेवू की काढून भोक बुजवून देऊ, तेही सांगा. जागेचा फोटो पाठवतोय."

शेवटचा मुद्दा आत्ताच ठरवून घ्या, डिपॉझिटवरून वाद तिथेच होतात. होकार लेखी हवा, मेसेजवरचा असला तरी जपून ठेवा, कारण भाडेकरारात लेखी परवानगीशिवाय फेरबदल नको असं कलम बहुधा असतं. पाइप बाहेरच्या भिंतीवरून जाणार असेल तर ती भिंत सगळ्यांची, तेव्हा सोसायटीला अर्ज मालकांच्या सहीनेच द्या.