‘महारथी’तला रथ आणि ‘स्वार’मधला घोडा

प्रश्न : ‘रथी-महारथी’, ‘सारथी’ हे शब्द आपण सर्रास वापरतो, पण घोडेस्वारावरून असा मोठेपणाचा शब्द का नाही? आणि मुळात रथ लढाईत करायचे काय, नि घोडदळ आल्यावर ते गेले का?

सुरुवात ‘सारथी’पासून करतो, कारण बाकी सगळ्याची किल्ली त्या एका शब्दात आहे. सरथ म्हणजे त्याच रथावर असलेला, आणि त्यावरून सारथि, आपला सारथी. म्हणजे शब्दातच दोन माणसं धरलेली आहेत, एक घोडे हाकणारा आणि दुसरा लढणारा. आता हे दोघं का लागतात बघा. धनुष्य ओढायला दोन्ही हात लागतात, धावते घोडे आवरायचे तर लगामालाही हात लागतात, आणि माणसाला हात दोनच. मग काम वाटून घ्यायचं, लगाम एकाकडे आणि धनुष्य दुसऱ्याकडे, आणि दोघांना उभं राहायला घोड्यांच्या मागे एक हलकं, पळतं व्यासपीठ जोडायचं. एवढाच रथ.

हलकं हा शब्द मुद्दाम वापरला. आपल्या डोळ्यासमोर सिरियलमधला रथ असतो, सोन्याचे खांब, वर छत्री, मागे सिंहासनासारखी बैठक. खरा लढाईतला रथ कसा होता ते इजिप्तमध्ये बघायला मिळतं, कारण तुतनखामुनच्या थडग्यात (1922 मध्ये सापडलं ते) सहा रथ निघाले, सुटे करून ठेवलेले. वाकवलेलं लाकूड, कातड्याचे बंद, आणि आऱ्यांची चाकं. अशा रथांच्या प्रतिकृती बनवल्या तर वजन तीसेक किलोच्या आसपास भरतं, म्हणजे एक माणूस उचलू शकेल इतकं. बैलगाडीचं चाक ज्यांनी जवळून पाहिलंय, तो जाड तुंबा, ती लोखंडी धाव, त्यांना हा फरक लगेच कळेल. भरीव चाकाची गाडी ओझं वाहते पण पळत नाही, आऱ्यांचं चाक आलं तेव्हा कुठे घोड्यामागे पळणारी गाडी शक्य झाली.

म्हणून रथ शत्रूच्या रांगेवर नेऊन आदळायचे ही समजूत बहुतेक चुकीची आहे. तीस किलोचा लाकडी सांगाडा भाल्यांच्या भिंतीवर घातला तर तुकडे रथाचे होणार, आणि मुळात घोडा अशा भिंतीत शिरायला तयारच होत नाही. रथाचं खरं काम म्हणजे बाणाच्या टप्प्यात वेगाने जायचं, बाण सोडायचे, समोरून उत्तर यायच्या आत वळायचं आणि परत यायचं, पुन्हा जायचं. समोरची फळी फुटली आणि लोक पळायला लागले की मग पाठलाग, आणि तिथे रथ खरा जीवघेणा, कारण पळणारा माणूस रथाच्या पुढे जाऊ शकत नाही. शिवाय रथावर उभा असलेला सेनापती सगळ्यांना दिसायचा, त्याचा ध्वज लांबून ओळखू यायचा. अर्जुन कपिध्वज तो त्यामुळेच. आपला नेता अजून उभा आहे की पडला हे सैन्याला त्या ध्वजावरून कळायचं.

आता ‘महारथी’. संस्कृतात मूळ शब्द महारथ असा आहे, ज्याचा रथ मोठा तो, गीतेच्या पहिल्या अध्यायात ‘द्रुपदश्च महारथः’ येतं तो हाच, मराठीत आपण त्याला ‘रथी’च्या वळणावर नेऊन महारथी केलं. उद्योगपर्वात भीष्म दुर्योधनाला दोन्ही बाजूंच्या योद्ध्यांची गणती करून सांगतो तिथे तर माणसालाच सरळ ‘रथ’ म्हटलंय, हा रथ, तो अतिरथ, आणि कर्णाला अर्धरथ. कर्ण त्यावर एवढा भडकतो की भीष्म असेपर्यंत लढणार नाही म्हणतो. म्हणजे रथ हे वाहन राहिलं नाही, दर्जा झाला, आणि ते साहजिक आहे कारण रथ परवडणं हाच दर्जा होता. शिकवलेले घोडे, सारथी, सुतार, सुटी चाकं, चारा, हे सगळं पोसणारा माणूस राजा किंवा सरदारच असणार. अक्षौहिणीच्या हिशेबात एका रथामागे तीन घोडेस्वार आणि पाच पायदळ मोजतात, म्हणजे स्वार तेव्हाही होतेच, पण नाव गाजायचं ते रथावरच्या माणसाचं. मोठेपणाचा शब्द रथाला का चिकटला याचं उत्तर एवढंच आहे.

पण त्याच महाभारतात रथाचं दुखणंही स्पष्ट दिसतं, फक्त तिकडे लक्ष द्यायला हवं. ‘चक्ररक्षक’ हा शब्द घ्या, रथाची चाकं सांभाळायला दोन्ही बाजूंनी चालणारे योद्धे, अर्जुनाचे चक्ररक्षक युधामन्यू आणि उत्तमौजा. एका लढवय्यासाठी एक सारथी आणि वर चाकांना राखणदार! दुसरा शब्द ‘विरथ’, म्हणजे रथ गेलेला. युद्धाच्या वर्णनात हा पुन्हापुन्हा येतो कारण समोरच्याला मारण्याआधी त्याचा घोडा मार, सारथी मार, धनुष्य तोड, हा नेहमीचा क्रम आहे. अभिमन्यूला असंच विरथ करून घेरलं आणि शेवटी तो रथाचं चाक हातात घेऊन लढला. दोन घोड्यांपैकी एक पडला तरी दुसरा घोडा, सारथी, धनुर्धर सगळे जागच्या जागी अडकतात, ही त्या यंत्राची मूळ कमजोरी. कर्णाचं चाक रुतलं तो प्रसंग आपण शाप म्हणून वाचतो, पण चाक रुतणं ही रथवाल्याची अगदी रोजची भीती होती.

ती भीती इतिहासात खरी झाली ती इ. स. पू. 326 मध्ये, झेलमच्या काठी, पोरस आणि सिकंदराच्या लढाईत. सिकंदराने रात्रीच्या वादळी पावसात नदीच्या वरच्या अंगाला जाऊन घोडदळासकट नदी ओलांडली. पोरसला खबर लागली तेव्हा त्याने अडवायला आपल्या मुलाला पाठवलं, एरियन या ग्रीक इतिहासकाराने आकडा दिलाय, दोन हजार घोडेस्वार आणि 120 रथ. कर्टियस नावाचा रोमन लेखक म्हणतो की या रथांना चार-चार घोडे होते आणि प्रत्येकात सहा माणसं, दोन ढालवाले, दोन धनुर्धर, दोन हाकणारे, आणि गाठ पडली की हाकणारेही लगाम सोडून भाले फेकायचे. म्हणजे तो इजिप्तचा हलका रथ इथे येईतो चांगलाच जड झाला होता. आणि जमीन रात्रभर भिजलेली. चाकं चिखलात बसली, घोडे घसरले, रथ ना पुढे जाईनात ना वळेनात, परत फिरताना तर अजूनच जड झाले, आणि सिकंदराच्या स्वारांनी ते रथ घोड्यांसकट पकडले. पोरसचा मुलगा तिथेच पडला. चिखल सिकंदराच्या घोड्यांनाही लागलाच असणार की, पण घोड्याचा पाय चिखलातून निघतो, चाक निघत नाही.

पोरस कच्चा सेनापती मुळीच नव्हता, हे सांगायलाच हवं. मुख्य लढाईसाठी त्याने मुद्दाम सपाट, घट्ट वाळूची जागा शोधली, रथांना वळायला मोकळी, आणि तिथे तीनशे रथ दोन्ही बगलांना उभे केले. पण सिकंदराने त्या डाव्या बगलेवर पहिल्यांदा सोडले ते घोड्यावरून बाण मारणारे, मध्य आशियातल्या दाहे टोळीचे हजारभर स्वार. विचार करा, रथाचं जे काम, वेगात येऊन बाण मारून निघून जाणं, तेच काम हे लोक सारथ्याशिवाय, चाकाशिवाय करत होते. कौटिल्यानेही रथासाठी जमीन कशी हवी ते सांगितलंय, सपाट, घट्ट, खड्डे नि खुंट नसलेली. जिथे शत्रू अशी जमीन निवडून देणार नाही तिथे रथाचं काय करायचं, हा प्रश्न मात्र उरतोच.

मग हे आधीच का नाही झालं, घोडा तर होताच? कारण घोड्यावर बसता येणं आणि घोड्यावरून लढता येणं या फार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मधला टप्पा अश्शूरच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या एका जुन्या साम्राज्याच्या, शिल्पांत चक्क कोरलेला आहे. निमरूदच्या राजवाड्यातल्या शिल्पांत, दुसऱ्या अशुरनासिरपाल राजाच्या काळातल्या (इ. स. पू. नववं शतक), घोडेस्वार जोडीने दिसतात. एकजण धनुष्य ओढतोय आणि शेजारच्या घोड्यावरचा दुसरा स्वार स्वतःच्या घोड्याबरोबर त्याच्याही घोड्याचा लगाम धरून पळतोय. तो दुसरा म्हणजे सारथीच! रथ काढून टाकलाय, पण सारथी काढायची हिंमत अजून झालेली नाही. पुढे दोनेकशे वर्षांनी, अशुरबानिपालच्या काळातल्या शिल्पांत स्वार एकटा आहे, लगाम सोडून, मांड्यांच्या पकडीवर घोडा सांभाळत बाण मारतोय. मला सगळ्या इतिहासात ही दोन चित्रं फार आवडतात, रथाचं काम संपलं ते याच दोन शिल्पांच्या मधे कुठेतरी.

कारण एकदा स्वार स्वतःचाच सारथी झाला की हिशेब सरळ आहे. दोन घोड्यांत पूर्वी एक लढणारा मिळायचा, आता दोन मिळतात. एक घोडा पडला तर एकच माणूस उतरतो. ओढा, चढण, झुडपं, नांगरलेलं शेत, सगळीकडे जाता येतं, आणि सुतार बरोबर न्यावा लागत नाही. बरेच जण म्हणतात रिकिबीमुळे, म्हणजे स्वाराने पाय अडकवायच्या कडीमुळे, घोडदळ जिंकलं, ते मला पटत नाही, रिकीब नीट प्रचारात आली ती कितीतरी नंतर, सिकंदराच्या स्वारांकडे ती नव्हती. चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेला ग्रीक वकील मेगॅस्थिनिस याच्या आधाराने ग्रीक लेखक सांगतात की मौर्यांच्या काळात कूच करताना रथ बैल ओढायचे आणि घोडे नुसते दोरीने चालवत न्यायचे, त्यांचे पाय सोलवटू नयेत आणि ताकद लढाईपर्यंत टिकावी म्हणून. म्हणजे रथ रणांगणापर्यंत पोचवायलाच वेगळे बैल! तरीही आपल्याकडे रथ लगेच गेले नाहीत, मान होता त्यांना, हळूहळू मागे पडले, आणि सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्यूएनत्संग हर्षाच्या सैन्याचे आकडे देतो तेव्हा हत्ती, घोडे आणि पायदळ एवढंच मोजतो.

घोडेस्वाराच्या शब्दाबद्दल. ‘स्वार’ हा फारसी ‘सवार’, आणि त्याचं जुनं रूप ‘असबार’, त्यातला ‘अस’ म्हणजे आपलाच अश्व. म्हणजे ‘घोडेस्वार’मध्ये घोडा दोनदा आहे, एकदा मराठीतून आणि एकदा फारसीतून. मराठीत रथाचे सगळे शब्द संस्कृत, ग्रंथातून आणि कथा-कीर्तनातून आलेले, आणि घोडदळाचे शब्द, स्वार, शिलेदार, बारगीर, रिकीब, फारसी, चाकरीतून आलेले. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणणारा, बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा, हे पगाराच्या वहीतले शब्द होते, त्यामुळे त्यांना ‘महारथी’सारखं वलय सहसा मिळालं नाही. त्यातल्या त्यात शिलेदाराला थोडं मिळालंय, ‘महाराजांचे शिलेदार’ म्हणतो आपण.

आणि बुद्धिबळाच्या पटावर बघा. मूळ चतुरंगात राजा, मंत्री, हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ. आपल्या पटावर घोडा अजून घोडाच आहे, हत्ती मात्र रथाच्या कोपऱ्यातल्या घरात जाऊन बसला, आणि हत्तीच्या जुन्या घरात उंट आला.