रिफाइनमेंट आणि स्प्रिंट प्लॅनिंग: आमच्या पट्टीच्या मेसेजची गोष्ट

प्रश्न: आमच्या टीममधे रिफाइनमेंट पण होते आन् स्प्रिंट प्लॅनिंग पण, दोन्हीत तेच तेच बोलणं चालतं. नक्की फरक काय? आन् स्क्रममधले रोल, इव्हेंट, आर्टिफॅक्ट पण थोडक्यात सांगा.

आधी थोडक्यातलं उरकून टाकतो. रोल तीन, प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर्स (टेस्टिंगवाले पण ह्यातच येतात, त्यांना वेगळं बसवू नका). आर्टिफॅक्ट पण तीनच, प्रॉडक्ट बॅकलॉग, स्प्रिंट बॅकलॉग आणि इन्क्रिमेंट. इव्हेंट पाच: स्वतः स्प्रिंट, मग प्लॅनिंग, डेली स्क्रम, रिव्ह्यू आणि रेट्रो. आता मोजून बघा, ह्या पाचात रिफाइनमेंट नाहीच. स्क्रम गाइडमधे ते बॅकलॉगमधल्या गोष्टी फोडून स्पष्ट करत राहण्याचं सतत चालणारं काम आहे, त्याला ठरलेली मीटिंग लागतेच असं नाही, आणि तुमचा गोंधळ इथूनच सुरू होतोय असं मला वाटतं.

मी लातूरचा, सध्या संभाजीनगरात एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही आडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. एकदा प्रॉडक्ट ओनर मॅडमनी बॅकलॉगमधे एका ओळीची स्टोरी टाकली, "शेतकऱ्याला पट्टी मोबाईलवर मिळावी". पट्टी म्हणजे माल विकल्यावर आडत्या शेतकऱ्याला देतो तो हिशोबाचा कागद. आम्ही म्हणलं सोपंय, रिफाइनमेंट बिफाइनमेंट काही न करता डायरेक्ट प्लॅनिंगला घेतली. सकाळी ११ ला बसलो ते ४ वाजले तरी उठलो नाही, कारण अर्धा वेळ पट्टी म्हणजे काय हेच मॅडमला विचारण्यात गेला. एकाच शेतकऱ्याचे ३० कट्टे वाळलेलं सोयाबीन एका भावाने आणि १२ कट्टे ओलसर दुसऱ्या भावाने गेले तर पट्टी एक का दोन? हमाली तोलाई दाखवायची का नुसती हातात येणारी रक्कम? आधी घेतलेली उचल वजा करायची का? आणि तिसऱ्या दिवशी कळलं की असा एसएमएस पाठवायचा तर मेसेजचा नमुना आधी डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, रजिस्टर करून मंजूर करून घ्यावा लागतो. ते आमच्या हातात नव्हतं, कोड तयार आणि मेसेज जाईना. वरून मराठी मेसेज ७० अक्षरांपुढं गेला की त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे लागतात. डेफिनिशन ऑफ डनमधे बसत नव्हतं म्हणून रिव्ह्यूला ते दाखवता पण आलं नाही, मॅडमचा चेहरा अजून आठवतो.

पुढच्या वेळी तीच स्टोरी आधी रिफाइन केली, तासाभराचं काम. तिचे तीन तुकडे केले: एका भावाची साधी पट्टी, दोन भावांची पट्टी, आणि उचल वजा केलेली. मॅडम एका आडत्याकडून खरी पट्टी मागून आणणार असं ठरलं आणि नमुन्याचा अर्ज त्याच दिवशी टाकला. प्रत्येक तुकड्याचा अंदाज डेव्हलपर्सनीच दिला. ह्या तासात कुणी "हे मी करतो" म्हणलं नाही आणि पुढच्या स्प्रिंटमधे घेऊच असाही शब्द कुणी दिला नाही. उचलीचा तुकडा तर अजून बॅकलॉगमधेच पडून आहे, त्यात काही वाईट नाही.

मग प्लॅनिंगला तीनच प्रश्न उरले, हा स्प्रिंट कशासाठी, त्यात काय घ्यायचं, आणि ते कसं करायचं. गोल ठरला, "विक्रीच्या दिवशीच साधी पट्टी मोबाईलवर". एक जण लग्नाला जाणार होता म्हणून दोन भावांची पट्टी ह्या वेळी घेतली नाही. निवडलेल्या स्टोरीची दिवसाभरात होतील अशी कामं पाडली, आणि गोल, निवडलेल्या स्टोरी आणि ही कामं मिळून झाला स्प्रिंट बॅकलॉग. महिन्याच्या स्प्रिंटला प्लॅनिंगची कमाल ८ तास आहे, आमचा दोन आठवड्यांचा असतो, त्या दिवशी दीड तासात उठलो.

तुमच्याकडं काय बिघडलंय ते असं ओळखा. प्लॅनिंगमधे लोक "म्हणजे नेमकं काय पाहिजे?" विचारत असतील तर रिफाइनमेंट कच्ची राहिली. उलट रिफाइनमेंटमधेच कोण काय करणार आणि किती तास हे चालू झालं तर प्लॅनिंग उगं आधी ओढून आणलं, आणि त्यातल्या अर्ध्या स्टोरी नंतर घेतल्याच नाहीत तर तेवढा वेळ पाण्यात. एखादी बारीक शंका प्लॅनिंगला निघालीच तर तिथंच सोडवा, तेवढं चालतं. पण बाहेरच्या मंजुरीची किंवा दुसऱ्या टीमकडून येणारी गोष्ट मात्र आधीच शोधा, आम्ही दर बुधवारी तासभर बसतो त्यात पहिला प्रश्न हाच असतो, "ह्यात बाहेरच्या कुणाची सही लागते का?"