एफडी मुलीची, भीती तुमची

पत्र: मी सांगलीजवळच्या एका पतसंस्थेत 22 वर्षं नोकरीला आहे. मुलगी टी.वाय.बी.कॉम.ला आहे, एस.वाय.ला 71 टक्के होते. ती बँकेच्या परीक्षांची तयारी करते. माझं म्हणणं, डिजिटल रुपया आल्यावर बँकाच राहणार नाहीत, मग ही तयारी कशाला? तिच्या नावावर आमच्याच संस्थेत 4 लाख 20 हजारांची एफडी आहे. ती मोडून 1 लाख 80 हजारांचा ब्लॉकचेनचा कोर्स लावायचा आणि उरलेले स्टेबलकॉइनमध्ये ठेवायचे, असा विचार आहे. मित्र सांगतो की स्टेबलकॉइन म्हणजे डिजिटल रुपयाच, फक्त डॉलरमधला. मुलगी ऐकत नाही, चार दिवस धड बोललेली नाही. तिला चार शब्द समजावून सांगाल का?

उत्तर: तिला समजावण्यासारखं मला तुमच्या पत्रात काही सापडलं नाही. तुम्हाला मात्र सांगायचं आहे.

एफडी तिच्या एकटीच्या नावावर असेल आणि ती सज्ञान असेल, तर मोडायची की नाही हे तिच्या सहीवर ठरतं. 22 वर्षं ठेवींच्या पावत्या हाताळणाऱ्या माणसाला हे सांगावं लागू नये. "मोडायचा विचार आहे" असं तुम्ही लिहिलंत, पण त्या वाक्यात ती कुठेच नाही. चार दिवसांचा अबोला कोर्सपेक्षा त्याच गोष्टीचा असावा. नोकरी जाण्याची धास्ती तुम्हाला वाटते आणि त्या धास्तीची किंमत मुलीच्या ठेवीतून, मुलीच्या वर्षांतून चुकती होणार आहे. शिवाय ती धास्ती ज्या समजुतीवर उभी आहे, तीच चुकीची आहे.

मोबाइलवर दिसणारा प्रत्येक पैसा एकाच जातीचा, असं तुमच्या मित्राने धरलं आहे. ओळखायची खूण सोपी आहे. हा पैसा कोणाचं देणं आहे, एवढंच विचारायचं. खात्यात 500 रुपये जमा आहेत म्हणजे बँक तुम्हाला 500 रुपये देणं लागते. ते तिच्या ताळेबंदात देणी या बाजूला आहेत, आणि दुसऱ्या बाजूला बहुतेक कोणाला तरी दिलेलं कर्ज आहे. तुम्ही यूपीआयने भाजीवाल्याला 40 रुपये देता तेव्हा हेच देणं एका बँकेकडून दुसऱ्या बँकेकडे सरकतं. यूपीआय हा रस्ता आहे, पैसा नव्हे. डिजिटल रुपया, म्हणजे ई-रुपया, हा मात्र पैसाच आहे आणि तो थेट रिझर्व्ह बँकेचं देणं आहे. 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन नोटेच्या व्याख्येत डिजिटल रूपही आलं. म्हणून बँकेच्या अॅपमधल्या वॉलेटमध्ये 500 रुपये भरणं हे एटीएममधून 500 ची नोट काढण्यासारखंच आहे. तुमच्या खात्यातून 500 कमी होतात, बँकेचं तुम्हाला असलेलं देणं तेवढं उतरतं आणि आता रिझर्व्ह बँक तुम्हाला ते 500 देणं लागते. वॉलेट देणारी बँक उद्या अडचणीत आली तरी त्या 500 शी तिच्या ताळेबंदाचा संबंध नाही. खिशातल्या नोटेचा नसतो, तसाच. आणि नोटेसारखंच त्यावर व्याजही नाही.

स्टेबलकॉइन या दोन्हींत बसत नाही. एक खाजगी कंपनी डॉलर घेते, तेवढी नाणी काढते आणि म्हणते की एका नाण्याला एक डॉलर परत देऊ. घेतलेले डॉलर ती अमेरिकी सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत आणि काही बँकांत ठेवते. म्हणजे ते कंपनीचं देणं आहे. त्यामागे रिझर्व्ह बँक नाही, आणि अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्हही नाही. "डॉलरमधला डिजिटल रुपया" असं काही अस्तित्वातच नाही. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून सरकारी यंत्रणांना डिजिटल डॉलरवर काम करायला मनाई केली आणि त्याच वर्षी जुलैत खाजगी स्टेबलकॉइनसाठी कायदा झाला. तो देश मुद्दाम दुसऱ्या वाटेने गेला आहे.

देणं कोणाचं, याने काय फरक पडतो ते मार्च 2023 च्या एका शनिवार-रविवारी दिसलं. यूएसडीसी हे नावाजलेलं स्टेबलकॉइन, काढणारी कंपनी सर्कल. नाण्यांमागे सुमारे 40 अब्ज डॉलर होते, त्यातले 3.3 अब्ज सिलिकॉन व्हॅली बँकेत. ती बँक शुक्रवारी, 10 मार्चला बुडाली. अमेरिकेत ठेवीला विमा अडीच लाख डॉलरपर्यंतचा. 3.3 अब्जांपुढे तो नसल्यात जमा. आता हिशेब करा. ते सगळे 3.3 अब्ज बुडाले असं धरलं तरी 36.7 अब्ज शिल्लक राहतात, म्हणजे नाण्यामागे जवळपास 92 सेंट. पण शनिवारी बाजारात भाव 88 सेंटच्याही खाली गेला.

वाईटात वाईट हिशेबापेक्षाही कमी भाव का मिळाला? कारण शनिवार होता. नाणं परत देऊन डॉलर घ्यायचे तर ते बँकेतूनच यायचे आणि बँका बंद. शिवाय कंपनीकडून थेट परतफेड घेणारे मुख्यतः मोठे संस्थात्मक ग्राहक असतात. तुमच्या-माझ्यासारख्याला क्रिप्टो एक्सचेंजवर दुसऱ्या कोणाला तरी विकूनच बाहेर पडावं लागतं, आणि त्या दिवशी सगळे विकायलाच उभे होते. रविवारी अमेरिकी सरकारने त्या बँकेच्या सर्व ठेवी सुरक्षित असल्याचं जाहीर केलं आणि सोमवारी भाव पुन्हा डॉलरजवळ आला. तुमचे 2 लाख 40 हजार त्यात असते आणि घाबरून 88 ला विकले असते, तर दोन रात्रींत 28,800 गेले असते. लक्षात घ्या, नाणं हललं ते बँकेतल्या ठेवीमुळे आणि सावरलं ते सरकारच्या शब्दामुळे. बँकाच राहणार नाहीत म्हणून तुम्ही ज्यात पैसे ठेवायला निघालात, ते असं बँकेच्याच खांद्यावर उभं आहे.

आणि हे चांगलं उदाहरण झालं, कारण तिथे मागे खरे डॉलर होते. मे 2022 मध्ये कोसळलेल्या टेरा-यूएसडीचा भाव प्रामुख्याने दुसऱ्या एका नाण्याच्या भरवशावर टिकवलेला होता. ते नाणं पडलं तसं हेही गेलं आणि परत उठलं नाही.

एवढा धोका पत्करून मिळतं काय, तेही पाहा. नाण्यांमागे राखून ठेवलेल्या रोख्यांवरचं व्याज कंपनीला जातं. नाणं नुसतं जवळ ठेवल्याबद्दल ती तुम्हाला काही देत नाही, आणि नव्या अमेरिकी कायद्याने तर असं व्याज द्यायला काढणाऱ्या कंपनीला बंदीच आहे. कोणी "स्टेबलकॉइनवर 10 टक्के" म्हणाला, तर ती नाणी तो पुढे कोणाला तरी उधार देतोय, एवढं ओळखा. आपल्याकडे ही नाणी आभासी मालमत्ता धरली जातात. नफ्यावर 30 टक्के कर, विकताना 1 टक्का टीडीएस, आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. तेच 2 लाख 40 हजार साडेसहा टक्क्यांनी बँकेत ठेवले तर वर्षाला 15,600 रुपये व्याज होतं.

आता तुमची मूळ भीती. किरकोळ वापरासाठी ई-रुपया 1 डिसेंबर 2022 पासून प्रायोगिक तत्त्वावर सुरू आहे. मार्च 2025 अखेर चलनात होते 1,016 कोटी. त्याच वेळी कागदी नोटा 36 लाख कोटींच्या वर होत्या, म्हणजे 1 लाखाच्या नोटांमागे ई-रुपयाचे 30 रुपयेही नाहीत. बँका संपवण्याचा बेतही यात नाही. वॉलेट बँकाच देतात, केवायसी त्याच करतात, तक्रारही त्यांच्याकडेच जाते. सगळ्यांनी ठेवी काढून ई-रुपयात नेल्या तर बँकांकडे कर्ज द्यायला पैसा उरणार नाही, हे मध्यवर्ती बँकांना पुरतं ठाऊक आहे. म्हणूनच ई-रुपयावर व्याज ठेवलेलं नाही, आणि बँक ऑफ इंग्लंडने 2023 च्या आपल्या प्रस्तावात माणशी 10 ते 20 हजार पौंडांची मर्यादा सुचवली होती. ट्रॅक्टरला कर्ज द्यायला रिझर्व्ह बँक तुमच्या गावात येणार नाही. कॅश मोजण्याचं, पासबुक भरण्याचं काम कमी होतंय हे खरं, पण ते ई-रुपयाने नव्हे, यूपीआयने.

मुलीच्या वाटेबद्दल फार लिहायची गरज नाही. आयबीपीएसच्या बँक परीक्षेची तयारी चालू ठेवावी, पदवीला 60 टक्क्यांवर राहिली तर रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकारी पदाचा अर्जही भरावा. तिला या विषयाची गोडी असलीच, तर बँकांतलं त्याच्या जवळचं काम म्हणजे ट्रेझरी, सेटलमेंट, जुळवणी, केवायसी आणि मनी लाँडरिंग प्रतिबंध. त्याचा पाया बी.कॉम.मधलाच आहे. स्टेबलकॉइनमागच्या राखीव निधीचा अहवाल वाचून "यातले किती पैसे एका तासात हातात येतील?" हे सांगता येणं म्हणजे ताळेबंद वाचता येणं.

कोर्सवाल्यांना फी भरण्याआधी फोन करून एकच विचारा. ग्राहकाने वॉलेटमध्ये 500 ई-रुपये भरले, तर बँकेच्या ताळेबंदात दोन्ही बाजूंना काय बदलतं? वर अर्धं उत्तर दिलंच आहे. उरलेलं हे की बँकेकडचा रिझर्व्ह बँकेचा पैसाही 500 ने कमी होतो. हे त्यांना सांगता आलं नाही तर 1 लाख 80 हजार कशाचे घेताय, हा पुढचा प्रश्न.

शेवटी एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात सहज लिहून गेली आहे. एफडी "आमच्याच संस्थेत". पतसंस्थेतल्या ठेवीला डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचा विमा नाही. बँकेत, सहकारी बँकेतही, मुद्दल आणि व्याज धरून ठेवीदारामागे 5 लाखांपर्यंत तो असतो. पीएमसी या सहकारी बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले तेव्हा ही मर्यादा 1 लाखच होती आणि सुरुवातीला खातेदारांना फक्त 1,000 रुपये काढता येत होते. 5 लाख झाले ते फेब्रुवारी 2020 पासून. तुमची संस्था बुडेल असं मी म्हणत नाही. पण एफडी मोडायचीच असेल तर मुलीला विचारा, मुदतीआधी मोडल्यावर किती व्याज कापलं जातं ते पाहा, आणि ती हो म्हणाली तर तिच्या नावाने एखाद्या विमाधारक बँकेत ठेवा. तिथे 4 लाख 20 हजार व्याजासकट पुरते 5 लाखांच्या आत बसतील अशीच मुदत निवडा.