हौदातला गाळ बसत नाही? पाच किलो तुरटी ओतू नका

प्रश्न: साहेब, कालव्याचं पाणी २० हजार लिटरच्या सिमेंटच्या हौदात घेतो. दोन दिवस ठेवलं तरी तांबूसच राहतं, ठिबकचे फिल्टर सारखे तुंबतात. दुकानदार म्हणतो पाच किलो तुरटी टाक, एका रात्रीत काच होईल. टाकू का?

उत्तर: नका टाकू. पाच किलो म्हणजे हजार लिटरला २५० ग्रॅम. असल्या पाण्याला सहसा २० ते ५० ग्रॅम पुरतात. दुकानदाराला तुमचं पाणी माहीत नाही, त्याला पोतं माहीत आहे.

आधी हौदात काय बसतं ते बघा. कण दहापट बारीक झाला की तो बसायला शंभरपट वेळ लागतो. तुमचा हौद पाच फूट खोल धरला, तर ०.१ मिलिमीटरची बारीक वाळू तीनेक मिनिटांत तळाला जाते. ०.०१ मिलिमीटरच्या पोयट्याला पाच तास लागतात. ०.००१ मिलिमीटरच्या चिकणमातीला जवळजवळ तीन आठवडे लागतात, तेही पाणी अगदी स्थिर राहिलं तर. वाऱ्याने आणि दुपारच्या उन्हाने पाणी हलत राहतं, म्हणून प्रत्यक्षात ती बसतच नाही. दोन दिवसांनी दिसणारा तांबूसपणा या मातीचा आहे.

फिल्टर मात्र ती तुंबवत नाही. ती जाळीतून आरपार जाते आणि लॅटरलच्या शेवटाला शेवाळासोबत चिकटून बसते. जाळी तुंबते वाळूने आणि पोयट्याने, म्हणजे तुम्ही हौद भरता भरताच मोटर लावता किंवा फुटव्हॉल्व्ह तळाला टेकलेला आहे. त्याला तुरटी हे औषधच नाही. पाणी पाच-सहा तास थांबवा आणि तळापासून फूटभर वरून उचला, अर्धी तक्रार तिथेच मिटेल.

चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारतं आणि पाण्यात कापसासारखे पुंजके तयार करतं. कण त्यात अडकतात, पुंजका जड होऊन खाली बसतो. पण तुरटी जास्त झाली तर कणांवर उलटा, धन भार चढतो आणि ते पुन्हा एकमेकांना ढकलू लागतात. पाणी परत दुधाळ होतं. मग शेतकरी म्हणतो "कमी पडली" आणि आणखी टाकतो! एका शेतात मी हेच पाहिलं. तीनदा तुरटी पडली होती आणि लॅटरलची टोकं सोडल्यावर पांढरा चोथा बाहेर आला.

म्हणून मात्रा बाटलीत ठरवा. दहा ग्रॅम तुरटी एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवा. एक लिटरच्या सहा पारदर्शक बाटल्यांत हौदाचं पाणी घ्या. एक तशीच ठेवा, बाकीच्यांत इंजेक्शनच्या सिरिंजने १, २, ३, ४ आणि ६ मिली द्रावण घाला. मिनिटभर जोरात हलवा, मग दहा मिनिटं हलक्या हाताने कलती करत राहा आणि अर्धा तास ठेवून द्या. जी सगळ्यात कमी मात्रेची बाटली नितळ झाली, ती तुमची मात्रा. एक मिली म्हणजे हजार लिटरला दहा ग्रॅम. समजा तीन मिलीची बाटली नितळली, तर २० हजार लिटरला ६०० ग्रॅम. कुठे पाच किलो आणि कुठे हे!

एकाही बाटलीत पुंजके धरले नाहीत, तर पावसाळी पाण्यात क्षार कमी असल्याने तुरटीने पाणी आंबट झालं असेल. तुरटीच्या एक तृतीयांश वजनाचा विझवलेला चुना पाण्यात कालवून आधी घाला आणि पुन्हा बाटलीतच पाहा. मोठा पाऊस झाला की पाणी बदलतं, चाचणी नव्याने करा.

माझा आग्रह दोन हौदांचा आहे. पहिल्यात वाळू-पोयटा बसू द्या. तिथून पाणी दुसऱ्यात सोडताना धारेखाली तुरटीचं द्रावण बारीक पडू द्या, खडा टाकू नका. द्रावण प्लॅस्टिकच्या बादलीतच करा, लोखंड खातं. दुसरा हौद भरल्यावर बांबूने पंधरा मिनिटं सावकाश ढवळा. जोरात ढवळलंत तर पुंजके तुटतात आणि नीट परत जुळत नाहीत. मग रात्रभर हात लावू नका. पुंजके तरंगत असताना मोटर लावली, तर सगळा चोथा ठिबकमध्ये जाईल. हे दुकानदार कधीच सांगत नाही.

फवारणीलाही हेच पाणी वापरत असाल, तर ग्लायफोसेट गढूळ पाण्यात मातीला चिकटून निकामी होतं, आणि जादा तुरटीतलं ॲल्युमिनियमही त्याला धरून ठेवतं. दोन्ही बाजूंनी नुकसान, म्हणून मात्रा पुन्हा सांगतो: बाटली ठरवेल तेवढीच.

मासे सोडलेल्या शेततळ्यात तुरटी टाकू नका. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटीवर होतो, कागदपत्रं गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला विचारा.