सूड आणि गृहस्थाची मर्यादा

प्रश्न : भावकीतल्याने बांध कोरून माझ्या दोन सऱ्या बळकावल्या. त्याचा ऊस पेटवावा असे वाटते. धर्म अशा वेळी गप्प बसायला का सांगतो?

गप्प बसा असे निदान जैन परंपरा तरी गृहस्थाला सांगत नाही. ती फक्त सूड वर्ज्य मानते. आपल्या बेळगाव भागातल्या बसद्यांमधून, म्हणजे जैन मंदिरांमधून होणाऱ्या स्वाध्यायात हिंसेचे चार प्रकार शिकवले जातात : संकल्पी, घरकामात घडणारी आरंभी, शेती-व्यवसायात घडणारी उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने त्यांपैकी ठरवून केलेली, म्हणजे संकल्पी हिंसा पूर्णपणे सोडायची असते. चालून आलेल्या अन्यायाला अडवताना घडणारी विरोधी हिंसा त्याला टाळता येत नाही, हे शास्त्रकारांनी मान्य केले आहे. बांध कोरला जात असताना आडवे जाणे, मोजणीचा अर्ज देणे, दावा लावणे हे सारे विरोधात मोडते. रात्री जाऊन फड पेटवणे मात्र संकल्पात, कारण त्याने सरी परत येत नाही (आणि आग तिसऱ्याच्या उसातही शिरते). संयमाचे कारण क्रोधाच्या मुदतीत आहे. पाण्यावरची, वाळूतली, जमिनीवरची आणि दगडावरची रेघ अशा उपमांनी क्रोधाच्या चार प्रती सांगितल्या आहेत, आणि सहा महिन्यांपलीकडे टिकणारा क्रोध दगडावरच्या रेघेत धरला जातो; तो समोरच्याचे काही बिघडवण्याआधी बाळगणाऱ्यालाच कर्माने बांधतो. मात्र हा विचार अर्जावरही लागू होतो : मोजणीत हद्द ठरल्यावरही केवळ त्याला खेटे घालायला लावण्यासाठी दावा रेटला, तर तोही संकल्पच ठरतो.