७(क) म्हणजे 7(a) की 7(c)?

प्रश्न: निपाणीतल्या गोदामाचा भाडेकरार डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी असा समोरासमोर लिहितोय. इंग्रजीतल्या 7(c) समोर मराठीत ७(क) लिहायचं की ७(ग)?

उत्तर: रूढी दोन्ही आहेत, घोळ त्यातूनच होतो. प्रश्नपत्रिकेच्या सवयीनं आपण अ, ब, क, ड लावतो; त्यात क तिसरा. मराठी अधिनियमांत क, ख, ग चालतं. त्यात क पहिला. करारात नुसतं ‘७(क) प्रमाणे’ लिहिलं, की एक वकील 7(a) वाचतो, दुसरा 7(c). तुमचा हा खासगी करार आहे, अधिनियम नव्हे. मी अक्षरं सोडून सरळ ७.३ लिहीन. उद्या कन्नड प्रत जोडायची झाली (आपल्या भागात ती वेळ येतेच), तरी ७.३ तिथंही ७.३च राहील.

पण अक्षरांपेक्षा मोठा धोका व्याख्यांच्या कलमात असतो. इंग्रजीत त्या वर्णानुक्रमानं लावतात: डिपॉझिट, लँडलॉर्ड, प्रेमिसेस, रेंट, टेनंट. मराठी मसुदा करणारा तितक्याच नेटकेपणानं आपला वर्णानुक्रम लावतो: अनामत, जागा, भाडे, भाडेकरू, मालक. आता १.३ म्हणजे इंग्रजीत जागा आणि मराठीत भाडे! पुढं कलम ९ मध्ये ‘१.३ मध्ये सांगितलेली’ असा उल्लेख आला, की दोन स्तंभ दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि आकडे जुळलेले असल्यानं ते कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून क्रम एकाच भाषेचा धरायचा, दुसरीनं तो निमूट पाळायचा. मराठी यादी विस्कळीत दिसली तरी चालेल.

इंग्रजीतलं लांबलचक वाक्य मराठीत बहुधा दोन-तीन वाक्यांत मोडावं लागतं. खुशाल मोडा, पण त्या तुकड्यांना नवे क्रमांक देऊ नका. ‘मात्र’ किंवा ‘परंतु’नं सुरू होणारं वाक्य त्याच चौकटीत ठेवा.

वर्डमध्ये दोन लांब स्तंभ करून मजकूर ओतू नका. मराठी मजकूर कमीजास्त झाला की सगळं खाली सरकतं. तक्ता करा, एका कलमाला एक ओळ. त्यातही एक खोच आहे: दोन्ही चौकटींना एकच आपोआप क्रमांकन लावलं, तर वर्ड डावीकडे १ आणि उजवीकडे २ देतो. त्यापेक्षा अगदी डावीकडे अरुंद तिसरा स्तंभ घ्या, क्रमांक तिथंच एकदा टाका. दोन्ही भाषांना तोच लागू.

शेवटी दोघांनी बसावं. एकानं इंग्रजीतला प्रत्येक अंतर्गत उल्लेख क्रमांकासह वाचावा आणि त्या कलमात काय आहे ते सांगावं. दुसऱ्यानं मराठीत तेच सापडतं का ते बघावं. आणि दोन्ही पाठांत फरक निघाला तर कुठला ग्राह्य, हे एक कलम घालायला विसरू नका.