उत्तर उणे पाच शेतकरी आलं तेव्हा

“मॅडम, तीन वर्तुळांच्या वेन आकृतीचं गणित आलं की माझे हातपाय गळतात. सूत्र पाठ आहे, आकृतीही काढते. पण ‘नेमक्या एकाच गटात किती जण?’ असं विचारलं की उत्तर चुकतंच, आणि दर वेळी वेगळं येतं. एकदा तर उणे आलं. माझं डोकं गणिताचं नाहीच, असं समजून हा भाग सोडून देऊ का?”

सोडू नका. उणे उत्तर आलेला एक मुलगा माझ्याकडे आला होता, त्याचीच गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वाशीमकडचा, घरची शेती, सरळसेवा भरतीची तयारी करत होता. “मला टेन्शन येतं” एवढंच तो सांगत राहिला. अशा वेळी मी टेन्शनबद्दल फार विचारत नाही, कच्च्या कामाची वही मागते. त्याच्या वहीत उत्तरं वेगवेगळी होती, पण चूक मोजून दोनच प्रकारची होती.

त्याच्या ओळखीचं एक सर्वेक्षण मी कागदावर मांडलं. आकडे माझेच, सरावापुरते. 150 शेतकऱ्यांना विचारलं, यंदा काय पेरलं? सोयाबीन 80 जणांनी, कापूस 70 जणांनी, तूर 60 जणांनी. सोयाबीन आणि कापूस दोन्ही घेणारे 30, कापूस आणि तूर 25, सोयाबीन आणि तूर 28. तिन्ही पिकं घेणारे 12. नेमकं एकच पीक घेणारे किती?

त्यानं भराभर तीन वर्तुळं काढली. मधोमध 12 लिहिले. सोयाबीन आणि कापूस जिथे एकमेकांवर येतात, तिथल्या उरलेल्या पाकळीत 30 लिहिले, बाकीच्या दोन पाकळ्यांत 25 आणि 28. मग वजाबाक्या. फक्त सोयाबीन : 80 − 30 − 28 − 12 = 10. फक्त कापूस : 70 − 30 − 25 − 12 = 3. फक्त तूर : 60 − 25 − 28 − 12 = उणे 5. पेन खाली ठेवून तो म्हणाला, “बघा, हेच होतं.”

मी विचारलं, “सोयाबीन आणि कापूस घेणाऱ्या 30 जणांत असा कुणी असेल का, ज्यानं बांधाला तूरही टाकली आहे?”

“असेल की. आमच्याकडे सोयाबीनमध्ये तूर टाकतातच.”

“मग त्याला मधल्या 12 मध्ये मोजलंस, आणि पुन्हा पाकळीतही?”

खरी अडचण इथे होती. सर्वेक्षणातले 30 म्हणजे ती पाकळी आणि मधला भाग मिळून. त्यातले 12 आधीच मध्ये बसले आहेत, म्हणून पाकळीत फक्त 30 − 12 = 18 जातात. तसेच कापूस-तुरीच्या पाकळीत 25 − 12 = 13, सोयाबीन-तुरीच्या पाकळीत 28 − 12 = 16. आता बाहेरचे तुकडे काढा. फक्त सोयाबीन 80 − 18 − 16 − 12 = 34, फक्त कापूस 70 − 18 − 13 − 12 = 27, फक्त तूर 60 − 13 − 16 − 12 = 19. बेरीज 80. म्हणून आकृती नेहमी आतून बाहेर भरायची : आधी मधला भाग, मग पाकळ्या, शेवटी कडेचे तुकडे.

त्याला एक गोष्ट मात्र पटेना. “मॅडम, मी पडताळा केला होता. सोयाबीनच्या वर्तुळातली बेरीज 10 + 30 + 28 + 12 = 80 बरोबर येत होती.” येणारच! शेवटचा तुकडा आपणच वजाबाकी करून काढलेला असतो, त्यामुळे वर्तुळाची बेरीज जुळते आणि आत काय बिघडलंय ते कळत नाही. पडताळा घ्यायचा तो दोन वर्तुळांच्या सामाईक भागाचा. तिथले दोन्ही तुकडे मिळवा आणि प्रश्नातल्या आकड्याशी लावून बघा. त्याच्या आकृतीत ते 30 + 12 = 42 होत होते, आणि प्रश्नात 30 दिले होते. आकडे जरा वेगळे असते तर उणे आलंही नसतं आणि चुकीचं उत्तर तो खुशाल लिहून आला असता. ‘उणे पाच’ला मी चांगली खूण मानते ती यासाठीच.

दुसरी चूक आकृती न काढता केलेली. फक्त सोयाबीन : 80 − 30 − 28 = 22. इथे 30 मध्येही ते 12 जण आहेत आणि 28 मध्येही, म्हणजे ते दोनदा वजा झाले. एकदा 12 परत मिळवले की 34 येतात. तिन्ही पिकांसाठी असंच केलं तर 22 + 15 + 7 = 44 येतात, खऱ्या उत्तरापेक्षा 36 कमी, म्हणजे मधल्या 12 ची तिप्पट.

मग तो सूत्राकडे वळला. तिन्ही गटांची बेरीज, त्यातून दोन-दोन गटांच्या सामाईक आकड्यांच्या बेरजेची 2 पट वजा, मग तिन्हींत असणाऱ्यांची 3 पट मिळवायची, हे पाठ होतं, पण त्यात 2 आणि 3 कुठून येतात ते माहीत नव्हतं. मी त्याला तीन शेतकरी कल्पायला सांगितले. एक पीकवाला, दोन पीकवाला आणि तीन पीकवाला. 80 + 70 + 60 = 210 या बेरजेत पहिला एकदा मोजला गेला, दुसरा दोनदा, तिसरा तीनदा. आपल्याला पहिला ठेवायचा आहे आणि बाकीचे दोघे शून्यावर आणायचे आहेत. दोन-दोन पिकांच्या आकड्यांची बेरीज 30 + 25 + 28 = 83. तिच्यात दुसरा एकदा येतो, म्हणून त्याला शून्यावर आणायला 83 ची दुप्पट वजा करावी लागते. पण तिसरा त्या 83 मध्ये तीनदा आहे. दुप्पट वजा केल्यावर तो सहा वेळा वजा होतो आणि उणे तीनवर जातो. त्याला शून्यावर आणायला 12 ची तिप्पट मिळवायची. 210 − 166 + 36 = 80. आकृतीतून आले होते तेच.

शाळेत नववीला आपण दोनच वर्तुळं हाताळतो. तिथे सामाईक भाग एकसंध असतो, आतला आणि पाकळीचा असा भेद पडत नाही. म्हणून तिसरं वर्तुळ आल्यावर जुनी सवय दगा देते. यात डोक्याचा दोष मला दिसत नाही.

पुढच्या वेळी तो एक वेगळी मांडणी घेऊन आला. सर्वेक्षण तेच, पण प्रश्नात दिलं होतं : नेमकी दोन पिकं घेणारे 47, तिन्ही घेणारे 12. त्यानं पाठ सूत्र लावलं, 210 − 2 × 47 + 3 × 12, आणि आले 152. एकूण शेतकरीच 150! या वेळी मी काही बोलले नाही. त्यानंच तिन्ही पीकवाल्याला पकडलं : ‘नेमकी दोन’च्या 47 मध्ये तो मुळी नाहीच, तो वजा झालेलाच नाही, मग मिळवायचा कशाला? 210 मध्ये तो तीनदा आहे, तर तीनदा काढून टाकायचा. 210 − 94 − 36 = 80.

आकृतीत आकडे आधीच छापलेले असतील तर मात्र यातलं काहीच करायचं नाही. तिथे प्रत्येक आकडा आपापल्या तुकड्याचाच असतो. कडेचे तीन तुकडे मिळवले की झालं. फक्त ‘जास्तीत जास्त एक’ असं विचारलं असेल तर वर्तुळांबाहेर, चौकटीत उरलेलेही धरायचे. आपल्या उदाहरणात आतली सगळी माणसं 139, बाहेर 11, म्हणून उत्तर 91.